घरातली चिडचिड वाटेतच सुरू होते

संपादक महोदय,

रोजच्या लांब प्रवासाविषयी बोलताना आपण किलोमीटर सांगतो, नाहीतर तास. माणूस का चिडतो, हे त्यावरून कळत नाही. रोज ७० मिनिटं लागणार हे नक्की असेल तर बहुतेकांना त्याची सवय होते. आज ६० लागतील की १००, हेच माहीत नसलं की सवय होत नाही. मग निघाल्यापासून पोचेपर्यंत डोक्यात घड्याळ चालू राहतं.

म्हणून आधी दोन आठवडे दाराबाहेर पडल्यापासून कामाच्या जागी पोचेपर्यंत लागलेली मिनिटं लिहून काढावीत आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावावीत. समजा दहा दिवसांचे आकडे असे आले: ६२, ६४, ६५, ६६, ६८, ७०, ७१, ७४, ८८, ९७. सरासरी निघते साडेबहात्तर. त्या भरवशावर ७५ मिनिटं आधी निघणारा माणूस दहात दोनदा उशिरा पोचेल आणि आणखी दोन-तीन दिवस जेमतेम पोचेल, म्हणजे वाटभर धास्तावलेलाच.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. आठ दिवस ६२ ते ७४ मध्ये आहेत आणि मग एकदम ८८. मधलं काहीच नाही. अशी उडी दिसली तर दोष बहुधा गाडी बदलण्यात असतो. दुसरी गाडी दर २० मिनिटांनी सुटत असेल, तर पहिलीला झालेला तीन मिनिटांचा उशीरही पुढे २० मिनिटं खातो. इथे घरातून पाच मिनिटं लवकर निघून काही साधत नाही. पहिली गाडीच एक आधीची धरावी लागते. उडी नसून आकडे हळूहळू पसरलेले असतील तर कारण रस्त्यावरची गर्दी, आणि तिथे निघण्याची वेळ अर्ध्या तासाने मागेपुढे करून बघणं जास्त उपयोगी.

लवकर निघण्यात एक हमखास चूक होते. सकाळची १५ मिनिटं झोपेतून काढली जातात आणि रात्री झोपायची वेळ मात्र तीच राहते. अपुऱ्या झोपेने माणूस जास्त चिडतो, त्यामुळे कमावलेलं तिथेच जातं. झोपायची वेळही तेवढीच अलीकडे आणली तरच हा बदल टिकतो.

कामाच्या जागी याचा पहिला फटका बसतो तो समोर येणाऱ्या पहिल्या माणसाला. हजेरी ९ ची आणि बैठकही ९ ची असेल, तर उशिरा आलेला माणूस अपराधी भावनेने बसतो आणि साध्या प्रश्नालाही आडवं उत्तर देतो. वरिष्ठांना दोन गोष्टी विनाखर्च करता येतात: पहिल्या अर्ध्या तासात बैठक ठेवायची नाही, आणि येण्यासाठी ठरावीक मिनिटाऐवजी तासाभराची मुभा द्यायची, कामाचे तास पूर्ण भरण्याच्या अटीवर.

संध्याकाळचं गणित वेगळं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रेमंड नोवाको आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रवास किती अडथळ्यांचा वाटला याचा संबंध घरातल्या संध्याकाळच्या बिघडलेल्या मनःस्थितीशी आढळला. म्हणून शेवटच्या टप्प्यात ऑफिसचे फोन घेऊ नयेत. आजचा प्रवास वाईट झाला असेल तर ते घरी आधीच कळवावं, म्हणजे आल्यावरचं तुटक बोलणं कुणी स्वतःवर ओढून घेणार नाही. पोचल्यावर १५ मिनिटं पैशांचे, मुलांच्या अभ्यासाचे, कसलेच निर्णय काढू नयेत.

पण ही १५ मिनिटं फुकट मिळत नाहीत. घरात दिवसभर लहान मूल किंवा आजारी माणूस सांभाळणारी व्यक्तीही सुटकेची वाट बघत असते. प्रवास करणाऱ्याने आपला वेळ घेतल्यावर तेवढाच वेळ तिला निर्वेध द्यायला हवा, तोही त्याच संध्याकाळी. हे न ठरवल्यामुळेच अनेक घरांत विश्रांतीवरूनच भांडण जुंपतं.

सलग तीन-चार दिवस सुट्टी मिळूनही चिडचिड तशीच राहत असेल, तर प्रवासाला दोष देत बसू नये. झोप, आजार किंवा मनावरचा दुसरा ताण याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

वाहतूक चालवणाऱ्या यंत्रणांकडे एक मागणी आहे. त्या सरासरी वेळ सांगतात, पण ती प्रवाशाच्या कामाची नाही. दहापैकी नऊ दिवस प्रवास किती मिनिटांत पुरा होतो आणि किती टक्के वेळा पुढची गाडी चुकते, हे दोन आकडे प्रत्येक मार्गासाठी दरमहा जाहीर व्हावेत, आणि आपण ते वृत्तपत्रात छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक