सूचना: बाळाला कॅल्शियम देताना हात-पाय उघडा ठेवा

पुणे ग्रुपवरच्या एनआयसीयूतल्या सर्व सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टरांसाठी.

परवा रात्री आमच्याकडे अडीच किलोच्या बाळाला कॅल्शियम कमी होऊन झटके आले. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट किलोला २ मिली, म्हणजे ५ मिली. त्यात तेवढंच ५ टक्के डेक्स्ट्रोज. हे १० मिली दहा मिनिटांत द्यायचं, म्हणून सिरिंज पंप ताशी ६० मिलीवर. हाताने ढकलू नका. मॉनिटरवर ठोके मंदावू लागले की लगेच थांबवायचं.

डोस बरोबर होता, पण सलाइन पायाला होतं आणि पाय दुपट्यात. औषध शिरेबाहेर झिरपलं तरी पंप ओरडतोच असं नाही. दुपटं काढलं तेव्हा घोट्याजवळची कातडी पांढरट, ताणलेली होती. अशी कातडी पुढे काळी पडून गळू शकते, आत कॅल्शियमचे खडे धरू शकतात.

म्हणून सुरू करण्याआधी शीर नीट चालते का पाहा, आणि संपेपर्यंत नजर तिथेच ठेवा. शंका आली तर पंप बंद. फ्लश मारू नका. त्याच कॅन्युलातून जमेल तेवढं औषध ओढून मगच ती काढा, पाय उंच ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. हायलुरोनिडेज लवकर दिलं तरच उपयोग. सोडाबायकार्ब त्याच लाइनमधून नको, साका बसतो.