तोंडाला पाने आणि केळीचा बाजार

संपादक साहेब,
शाळेत म्हणी-वाक्प्रचार म्हणजे डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, पाठ करा आणि पेपरात लिहा. बाहेरून आलेल्या माणसाला याचा काही उपयोग नाही, हे रावेरला रोज दिसतं. आमच्याकडे केळीच्या गाड्या भरायला हिंदी बोलणारा एक मुनीम आला. शेतकरी म्हणे, 'व्यापाऱ्याने तोंडाला पाने पुसली', आणि या भाऊला वाटलं की खरंच केळीच्या पानाने काहीतरी केलं, कारण समोर ढिगाने पानं पडलेली! शब्दशः अर्थही जागेवर बसला की माणसाला शंकाच येत नाही, तिथेच जास्त फसगत होते.

'कान भरणे', 'पाठ दाखवणे' त्याला लगेच जमलं कारण हिंदीतही तसंच आहे, पण त्याच भरवशावर 'चूक पोटात घाला' ऐकून तो गोंधळला, त्याला ते खाण्यापिण्याचं वाटलं.

मग अर्थ कळल्यावर त्याने 'तोंडाला एक पान पुसलं' असं म्हटलं, सगळे हसले. हे वाक्प्रचार गोठलेले असतात ना, पान एक करता येत नाही, तोंडाचं मुख करता येत नाही. आता तो नुसता अर्थ विचारत नाही, कोण कोणाला कधी म्हणालं ते विचारतो. भाव कबूल करून ऐनवेळी माल न उचलणं, म्हणजे आशा लावून हात हलवत परत पाठवणं, हा प्रसंगच त्याने वाक्यासकट धरला. परीक्षेतही अर्थाऐवजी असा प्रसंगच विचारा की राव!

- एक वाचक, रावेर