बाबांची नवी खुर्ची

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, आधी रागावू नका. टेबल, खुर्ची आणि लॅपटॉपला जोडायचा वेगळा कीबोर्ड मागवलाय, गुरुवारी घरी येईल. परत पाठवायचं नाही. पैसे बोनसचे आहेत, कुठलीही ठेव मोडलेली नाही. तुमची वेताची आरामखुर्ची जिथे आहे तिथेच राहील. चहा आणि पेपर तिच्यातच. फक्त सोसायटीचे हिशेब पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन करायचे नाहीत.

ऑफिसात मान-पाठदुखीवर बोलायला फिजिओथेरपिस्ट बाई आल्या होत्या. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत ठेवा, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मी विचारलं, वडिलांना बायफोकल आहे, त्यांचं काय? म्हणाल्या, त्यांना हा नियम लावू नका. वाचायचं भिंग खालच्या बाजूला असतं. स्क्रीन उंच असला की माणूस हनुवटी वर करून त्यातून बघतो आणि मान तासन्‌तास मागे दुमडलेली राहते. तुमची मान आधीच संध्याकाळी धरते, त्यात ही भर नको.

म्हणून तुमचा स्क्रीन जरा खाली आणि किंचित मागे कललेला. आई, तू बाजूला उभी राहून बघ. हनुवटी वर जात असेल तर स्क्रीन अजून उंच आहे. बाबा पुढे वाकत असतील तर अक्षर बारीक पडतंय. ब्राउझरमध्ये Ctrl दाबून + दाब, मोठं होतं. पाय जमिनीला टेकले नाहीत तर खाली माझा जुना पाट ठेव, ज्यावर बसून मी वरणभात खायचे.

खुर्ची कितीही चांगली असली तरी तिच्यात अर्ध्या तासाहून जास्त सलग बसायचं नाही, असं बाईंनी बजावलं. उठलात की ताठ उभं राहून, समोर बघत, हनुवटी सरळ मागे घ्यायची; मान खाली घालायची नाही. पाच सेकंद धरा, सोडा, असं आठ-दहा वेळा. मग दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून एक पाऊल पुढे, छाती ताणली जाईपर्यंत, वीसेक सेकंद. ताण जाणवावा, दुखता कामा नये. मान गरागरा फिरवायची नाही, तुम्हाला तसंही चक्कर येते.

आई, तुझी हाडं ठिसूळ झालीत, तेव्हा कंबरेतून वाकून पायाचे अंगठे धरायचा हट्ट सोड. बाकीचं दोघं मिळून करा.

आणि हाताला मुंग्या, बधिरपणा आला किंवा हातातून कप निसटायला लागला, तर व्यायाम थांबवून सरळ डॉक्टरांकडे. मला काळजी नको म्हणून लपवायचं नाही, बाबा.

गुरुवारी येणारा माणूसच खुर्ची जोडून देईल. बाबा बसले की बाजूने एक फोटो काढून पाठव, आई. हनुवटी मी तपासणार आहे.

तुमची,
मनू