खोडलेल्या चाराबद्दल आभार, बाई

आदरणीय बाई,

निवृत्त शिक्षकांचं भाषण म्हणजे आठवणी, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. तुम्ही फळ्यावर ५०३ − २६७ मांडलंत, खाली ३६४ आणि ३३६ ही दोन चुकीची उत्तरं लिहिलीत आणि त्यांच्यावरच बोललात. ते अजून डोक्यातून उतरलेलं नाही, म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं.

बरोबर उत्तर २३६. तपासणारा दोन्ही पेपरांवर सारखीच फुली मारतो आणि पुढे जातो. ३६४ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतं, मग तो मोठा अंक वर असो की खाली. सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेलं सहा, पाचातून दोन गेले तीन. हातचा हे प्रकरण त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. ३३६ लिहिणाऱ्याला मात्र जवळजवळ सगळं येतं. तो तिनाचे तेरा करतो, शून्याचे नऊ करतो, फक्त पाचाचे चार करायचे राहतात. शतक न मोडताच त्याला नऊ दशक आणि दहा एकक मिळाले, म्हणून उत्तर बरोबर शंभराने जास्त. एकाला वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून हवी, दुसऱ्याला एकच पायरी. फुली दोघांना एकच.

पण माझ्या मनात घर केलं ते तुम्ही ३३६ लिहिणाऱ्या मुलाचा पेपर आमच्या हाती देण्याआधी जे केलंत त्याने. नावाचा कोपरा आणि गुणांचा रकाना तुम्ही दुमडून आत घातलात, नखाने घडी पक्की केलीत आणि मगच कागद फिरवलात. दहापैकी आठ दिसले असते तर आम्ही ‘बरा आहे, दोन ठिकाणी निष्काळजीपणा’ म्हणून कागद पुढे सरकवला असता. गुण दिसेनात, तेव्हा डोळे पाचाच्या डोक्यावर गेले. तिथे बारीक ४ लिहून रबराने पुसलेला होता. म्हणजे शतक कमी करायचं त्याच्या मनात आलं होतं, मग ते चूक वाटून त्याने मागे घेतलं. नुसतं उत्तर बघून हे कधीच कळलं नसतं.

उत्तरपत्रिका तपासण्याची प्रशिक्षणं आम्हाला कमी झालेली नाहीत. अर्धा गुण कुठे द्यायचा आणि बेरीज कुठल्या चौकटीत लिहायची, हे तिथे पाठ करून घेतलं. चुकीचं उत्तर मुलाने कुठल्या वाटेने काढलं असेल, हे मात्र एकाही तज्ज्ञाने विचारलं नाही.

निष्काळजीपणा आणि चुकीचा नियम यांतला फरक ओळखायची तुमची रीतही इथे नोंदवून ठेवते. निष्काळजी चूक कुठेही होते, नियमाची चूक ठरल्या जागीच होते. एका गणितावरून निकाल द्यायचा नाही, कारण ३३६ हे साध्या घसरणीनेही येऊ शकतं. त्याच दिवशी मुलाला ७०४ − ३५८ आणि ६०२ − १४५ द्यायचं आणि त्याने पेन उचलण्याआधी आपण आपल्या कागदावर ४४६ आणि ५५७ लिहून ठेवायचं. खरी उत्तरं ३४६ आणि ४५७. मुलाची दोन्ही उत्तरं आपल्या भाकिताशी जुळली, तर त्याच्याकडे नियम आहे. तुम्ही सावधही केलंत की काही मुलं दुसऱ्या दिवशी नियमच बदलतात, म्हणून हे उद्यावर ढकलायचं नाही.

‘शून्याचे नऊ होतात’ हे वाक्य आम्हीच वर्गात घोकून घेतो. ते नऊ आले कुठून हे त्यात कुठेच नाही, मग मूल पाचाला हात कशाला लावेल? तुमचा उपाय किती साधा. ५०३ मधल्या पाच-शून्याकडे एकत्र बघायचं: हे पन्नास दशक. एक दशक मोडला की उरले एकोणपन्नास, आणि एकक झाले तेरा. तेरातून सात गेले सहा, एकोणपन्नासातून सव्वीस गेले तेवीस. उत्तर २३६. १००३ असलं तरी तेच, शंभर दशकांचे नव्व्याण्णव. पन्नासाच्या आधी एकोणपन्नास येतात हे मुलाला माहीत असतंच, त्यामुळे शतक विसरायला जागाच उरत नाही. मात्र ३६४ वाल्याला हे आत्ता देऊ नका, असं तुम्ही बजावलंत. त्याच्या हाती आधी काड्यांचे गठ्ठे द्यायचे आणि ते सोडायला लावायचे.

संपूर्ण भाषणात ‘मठ्ठ’, ‘कच्चा’ असा एक शब्द तुमच्या तोंडी आला नाही. चुकणाऱ्या मुलाशी इतक्या सभ्यपणे वागणारी माणसं आमच्या पेशात असायलाच हवीत, पण ती मोजकीच भेटतात.

आणखी एक. खाडाखोडीचे गुण कापायचे आमच्याकडे बंद केलेत. आता रबर नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. पहिल्याच गठ्ठ्यात तीन पेपरांवर रेघेखालचं उत्तर बरोबर होतं आणि शेवटी लिहिलेलं चूक. अशा पेपराला गुण किती द्यायचे यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. तुमचं मत कळवाल का?

आपली,
गणित शिकवणारी एक