सीसॅटच्या आधीची मधली सुट्टी

पुणे

प्रिय सुन्या,

राज्यसेवेची पूर्व देऊन आलो. पेपर कसा गेला ते भेटल्यावर सांगेन. आज मधल्या सुट्टीबद्दल लिहितो, कारण पुढच्या वर्षी तू बसणार आहेस.

सामान्य अध्ययनाचा पेपर बाराला सुटला, उतारे-गणिताचा सीसॅट तीनला. केंद्राबाहेर लिंबाच्या सावलीत बसलो होतो. शेजारी सोलापूरकडचे एक दादा डबा उघडून बसले होते. भाकरी पुढे करत म्हणाले, "खा, रिकाम्या पोटी उतारे डोक्यात शिरत नाहीत." मी म्हटलं, "दादा, मला गणिताची भीती वाटते." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग स्वतःचंच सांगू लागले.

मागच्या वेळी त्यांनी 45 प्रश्न सोडवले. 30 बरोबर, 15 चूक. प्रत्येकी अडीच गुण म्हणजे 75 झाले. पण एका चुकीला पाव हिस्सा, म्हणजे 0.625 गुण जातात. पंधरा चुकांचे 9.375 वजा होऊन हातात उरले 65.625. पात्रतेला 33 टक्के, म्हणजे 200 पैकी 66 लागतात. "अर्ध्या गुणाच्याही आत गेलं रे. जीएसला चांगले मार्क होते, पण सीसॅट अडलं की ते बघतंय कोण?" हे बोलताना त्यांचा घास हातातच राहिला होता.

त्याहून मोठी चूक वेगळीच होती. निर्णयक्षमतेचे पाच प्रश्न वेळ संपल्यामुळे कोरे राहिले, आणि नकारात्मक गुण नसतात ते नेमके त्यांनाच. एक जरी बरोबर आला असता तरी ते पास होते. म्हणून म्हणाले, "आधी ते पाच गोल काळे कर, मग उताऱ्यांकडे जा. पन्नासेक प्रश्न उताऱ्यांवरच असतात, तुझं गणित कच्चं असलं तरी चालेल."

मी विचारलं, "अंदाजाने मारू का?"

"खात्रीच्या उत्तरांपुढे प्रश्नपत्रिकेवर बारीक खूण करत जा. खुणा तिसाच्या वर गेल्या की थांब. इथले गुण मेरिटला धरतच नाहीत, 66 झाले की पुरे, मग चूक ओढवून कशाला घ्यायची? खुणा पंचवीसच्या खाली असतील तर मात्र दोन पर्याय कटलेल्या प्रश्नांवर हात टाक. तिथं चार प्रश्नांत दोन लागले तर पाच मिळतात, सव्वा जातो."

सुन्या, क्लासमध्ये हे कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली. दादांनी डबा बांधला, हॉल तिकीट आणि काळं पेन खिशात चाचपलं आणि म्हणाले, "पेन दोन ठेव."

माझ्याकडे एकच होतं. त्यांनी स्वतःचं दुसरं पेन मला दिलं. सुटल्यावर गर्दीत ते दिसलेच नाहीत, पेन अजून माझ्याकडे आहे.

तुझा,
महेश