ताई, तुम्ही विचारलंत म्हणून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं 'ताई' म्हणते. आमच्या केळीच्या रोपांच्या नर्सरीच्या वेबसाइटचं पहिलं पान आणि 'आमच्याबद्दल'चं पान तुम्ही तपासून दिलंत. पैसे तुम्ही सांगितले तेवढे दिले, पण आभार मात्र नीट मानले गेलेच नाहीत. फोनवर बोलायला गेले की गळा भरून येतो. म्हणून इथे, चारचौघांत लिहिते.

आधी ज्यांनी ती पानं बनवली होती त्यांच्याबद्दल बोलू द्या, कारण तो राग अजून गेलेला नाही. त्या मंडळींनी पैसे आगाऊ घेतले, गुळगुळीत बोलले आणि पानं हाती दिली. रावेर-यावलचा शेतकरी ज्या पानावर येणार, त्या पानावर 'शेतकऱ्यांना' हा शब्दच धड नव्हता. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना सगळीकडे 'शेतकर्यांना' झालं होतं. आम्ही तक्रार केली तर त्यांनी एका झटक्यात सगळ्या 'र्या'च्या जागी 'ऱ्या' करून टाकलं. 'शेतकऱ्यांना' सुधारलं, पण पत्त्यातलं 'कार्यालय' 'काऱ्यालय' झालं, 'पर्याय'चं 'पऱ्याय' झालं आणि 'रोपे मर्यादित आहेत' या ओळीत 'मऱ्यादित' आलं. त्यावर उत्तर काय मिळालं, तर 'एवढं कोण वाचतं मॅडम?'

ताई, तुम्ही वाचलंत. तुमचा पहिला फोन आला तेव्हाच मला फरक कळला. तुम्ही दोन्ही पानं मोबाइलवर उघडून मोठ्यानं वाचत होता आणि म्हणालात, 'कॉम्प्युटरवर मी नंतर बघेन. तुमचं गिऱ्हाईक बागेत उभं राहून वाचणार आहे ना?' 'र्या'चं काम तुम्ही एकेक शब्द बघून केलंत. म्हणालात की असे शब्द एकदम बदलायचेच नसतात, प्रत्येक ठिकाणी थांबून बघावं लागतं.

तुमचा कागद आला त्यात दोन रंग होते. निळ्यात सरळ दुरुस्ती, हिरव्यात प्रश्न. शुद्धलेखन, विरामचिन्हं, एका ओळीत 'रोपं' आणि पुढच्या ओळीत 'रोपे', हे सगळं निळ्यात. पण जिथे अर्थाला हात लागणार होता तिथे तुम्ही एक अक्षरही बदललं नाहीत, विचारलंत. मला वाटायचं प्रूफ तपासणं म्हणजे चुका काढणं. तुम्ही जे हिरव्यात लिहिलंत त्यानं आमची वेबसाइट आमची झाली.

पहिल्या पानावर एक वाक्य होतं: 'दर्जेदार रोपे देऊन शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढते.' वर्षभर ते तसंच होतं, कुणाला खटकलं नव्हतं. तुम्ही समोर लिहिलंत, 'रोपे कोण देतं? या वाक्यात देणारा माणूसच नाही. आणि उत्पन्न वाढतं ते कशामुळे?' मी फोनवर सांगितलं की टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेली, रोपं एकसारखी वाढतात, त्यामुळे घड जवळपास बरोबरीनं कापणीला येतात, मजूर आणि गाडी दहा वेळा बोलवावी लागत नाही. तुम्ही म्हणालात, 'मग हेच लिहा की.' आता तिथे आहे: 'आमची रोपे एकसारखी वाढतात, त्यामुळे बहुतेक घड बरोबरीने कापणीला येतात.' 'बहुतेक' तुम्ही घातलंत. म्हणालात, शेतकरी बागेत फिरतो, त्याला सगळं दिसतं.

दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचायची, हेही मला तुमच्यामुळे कळलं. पहिल्या पानावर 'आमच्या अत्याधुनिक प्रयोगशाळेत तयार झालेली रोपे' असं होतं आणि 'आमच्याबद्दल'मध्ये 'प्रयोगशाळेतून आणलेली रोपे'. एकटं वाचलं तर दोन्ही वाक्यं बरोबर, एकत्र वाचली तर एक खोटं. तुम्ही फक्त विचारलंत, 'यातलं खरं कुठलं?' खरं दुसरं. ग्रँड नैन जातीच्या केळीची लहान रोपं आम्ही प्रयोगशाळेकडून घेतो आणि शेडनेटखाली पिशवीत वाढवून, उन्हाची सवय लावून, शेतकऱ्याला देतो. आता दोन्हीकडे तेच लिहिलंय. '१००% रोगमुक्त' याच्यापुढेही तुमचा हिरवा प्रश्न होता. केळीवरचा हरण्या हा विषाणूचा रोग मावा किडीतून पसरतो, लागवडीनंतर बागेत काय होईल याची खात्री कुठलाच नर्सरीवाला देऊ शकत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल दाखवता येतो, म्हणून तिथे आता 'विषाणू तपासणी झालेली रोपे' आहे.

भाषेचा सूर तर दर ओळीला बदलत होता. वर 'आपले स्वागत आहे', खाली 'सदर कंपनीमार्फत रोपे उपलब्ध करून देण्यात येतात', मध्येच 'आपण दर्जाबाबत तडजोड करत नाही'. तुम्ही लिहिलंत की हा 'आपण' वाचणाऱ्याला स्वतःबद्दल वाटेल, नर्सरीबद्दल नाही. मग ठरलं की नर्सरी बोलेल तिथे 'आम्ही' आणि शेतकऱ्याशी बोलताना 'तुम्ही', दोन्ही पानांवर, बटणांवरसुद्धा. 'सदर' गेलं. 'देण्यात येतात'चं 'देतो' झालं. तेवढ्यानंच ते पान तहसीलच्या नोटिशीसारखं वाटायचं थांबलं.

बटणांचं तर मी कुणालाही सांगत सुटले आहे. एका पानावर 'आता खरेदी करा', 'ऑर्डर द्या' आणि 'बुकिंग' अशी तीन बटणं होती आणि तिन्ही एकाच फॉर्मवर जायची. तिथे खरेदी होतच नाही. नाव, गाव, मोबाइल नंबर आणि किती रोपं एवढंच भरायचं, मग आम्ही फोन करतो. तुम्ही म्हणालात, 'तीन नावं दिसली की माणूस तीन वेगळी कामं समजतो. आणि खरेदी म्हटलं की पैसे मागतील म्हणून घाबरतो.' मग आमच्याकडे फोन घेणाऱ्या काकूंना तुम्ही विचारलंत की शेतकरी पहिल्यांदा काय विचारतात. काकू म्हणाल्या, 'रोपं कधी भेटतीन आन् भाव काय हाये, दुसरं काय!' त्यावरून दोनच बटणं राहिली. 'रोपांची नोंदणी करा' हे फॉर्मवर जातं, फॉर्मच्या माथ्यावरही तेच शब्द आहेत. 'भाव विचारा' दाबलं की थेट फोन लागतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायची केळी ती मृगबाग, म्हणून आधी तुम्ही 'मृगबागेसाठी रोपांची नोंदणी करा' असं सुचवलं होतंत. काकूंच्या लहान फोनवर त्याच्या दोन ओळी झाल्या आणि दुसरी अर्धी कापली गेली, तर तुम्ही लगेच ते आखूड केलंत. 'अधिक वाचा' तीन ठिकाणी होतं, त्याच्या जागी 'मृगबागेची रोपे', पावसाळा सरल्यावर लावायच्या केळीसाठी 'कांदेबागेची रोपे' आणि 'आमची नर्सरी' आलं. ज्याला दिसत नाही त्याचा फोन नुसती बटणं वाचून दाखवतो, त्याला तीनदा 'अधिक वाचा' ऐकून काय कळणार, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. फॉर्म पाठवल्यावर नुसतं 'यशस्वी!' यायचं. आता येतं: 'तुमची नोंदणी मिळाली. रोपांची तारीख आम्ही फोन करून कळवू.' पूर्वी फॉर्म भरून लोक परत फोन करायचे, 'पोचलं का?' म्हणून. ते फोन खूप कमी झाले.

हे सगळं झालं. पण मला लिहायचंय ते 'आमच्याबद्दल'मधल्या एका ओळीबद्दल.

'संस्थापकांनी अथक परिश्रमातून नर्सरी उभारली, ज्यामध्ये त्यांच्या सौभाग्यवतींचे सहकार्य लाभले असून.' इथेच पूर्णविराम होता. 'असून'नंतर काही नाहीच. दुसऱ्या कुणीही 'असून' खोडून 'लाभले' वर वाक्य संपवलं असतं, व्याकरण बरोबर झालं असतं आणि काम पुढे गेलं असतं. तुम्ही हिरव्यात लिहिलंत, 'सहकार्य म्हणजे नेमकं काय? त्यांनी काय काम केलं?'

मी उत्तर लिहायला बसले आणि हात थांबला. नर्सरी वडिलांच्या नावावर आहे. पण बाटलीतून आलेली नाजूक रोपं जगवायची कशी हे आईला कळायचं. सुरुवातीच्या वर्षांत रोपं मरायची, तेव्हा तीच पहाटे शेडमध्ये जायची, पाणी किती, ओलावा किती, नेट कधी उघडायचं हे बघायची. आजही शेडमधल्या बायका तिलाच विचारतात. हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं, लिहिणं तर दूरच.

मी तुम्हाला थोडंफार सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, 'त्यांनाच फोन द्या ना.' आणि मग तुम्ही आईशी बोललात. 'काकू, पहिल्या वर्षी रोपं कशामुळे जात होती?' असं विचारलंत. आई आधी 'माले काय कळतं त्यातलं' म्हणाली आणि मग बोलतच राहिली. तुम्ही मध्ये तोडलं नाहीत, घाई केली नाहीत. शेवटी तुम्ही लिहिलेलं वाक्य फोनवर तिला वाचून दाखवलंत आणि विचारलंत, 'असं चालेल का?' आमच्या घरी आईला कुणी असं विचारलेलं मी पाहिलेलं नाही.

आता त्या पानावर आहे: 'प्रयोगशाळेतून आलेली रोपे जगवण्याचे आणि उन्हाला तयार करण्याचे काम पहिल्या वर्षापासून आईने सांभाळले. आजही रोपे शेडबाहेर कधी काढायची हे त्या ठरवतात.' बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, 'बरोबर आहे.' आईनं काही म्हटलं नाही, पण मामाला फोन करून वेबसाइट उघडायला लावली.

मोठाली ऑफिसं थाटून बसलेल्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही घरी टेबलावर बसून केलंत. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात ताई. पण समोरच्याला विचारून, थांबून ऐकून घेणारी फार कमी भेटतात, आणि कामात खोट नको म्हणून स्वतःचं काम वाढवून घेणारी त्याहून कमी.

कांदेबागेचं नवं पान लिहायला घेतलंय. अपलोड करण्याआधी तुमच्याकडे पाठवते, हिरवे प्रश्न कमी करू नका. आणि थंडीत भरताची वांगी आली की इकडे यायचं आहे. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या आई स्वतः करणार आहे, तिनंच सांगायला लावलंय.

तुमची,
यावल तालुक्यातली नर्सरीवाली