घरी नेण्याचा कागद एकपानी हवा

हृदय अशक्त झालेल्या रुग्णांना घरी सोडताना आम्ही स्लाइडच्या छापील प्रती देत असू. त्यात 'द्रवसंचयाची लक्षणे आढळल्यास संपर्क साधावा' असे वाक्य होते. द्रवसंचय म्हणजे अंगात पाणी साठणे, आणि त्याने वजन वाढते, हे घरच्यांनी त्यातून कसे ओळखायचे? आता लिहितो : 'रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. ३ दिवसांत २ किलो वाढले, तर पायावर सूज नसली तरी फोन करा. आडवे होताच दम लागला, तर थेट दवाखान्यात या.' हृदयाच्या आकृत्या गाळल्या. मिठाच्या ग्रॅमऐवजी 'पापड, लोणचे, फरसाण बंद' आले (यावर कुरकुर होतेच!). कागद देताना सुनेला किंवा मुलाला विचारतो, 'वजन किती वाढले की फोन कराल?' उत्तर अडखळले, तर वाक्य पुन्हा लिहितो.

– एक परिचारिका, सांगली